एकरकमी पैसे हातात आले, आता दुकान टाकू का? आधी सहा महिने हे करा

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय. कुणाला वडिलांच्या पश्चात एफडीचे पैसे मिळालेत, कुणाला कंपनीचा मोठा बोनस, कुणाची जमीन रस्त्यात गेली त्याचा मोबदला. प्रश्न एकच: "दादा, एवढे एवढे लाख आलेत, कुठे टाकू? व्यवसाय सुरू करू का?"

व्हिडिओत मी दहा मिनिटांत उरकलं होतं, पण आकडे बोलून नीट समजत नाहीत, कागदावर बघावे लागतात. म्हणून हा लेख. यात मी वारशाने आलेल्या पैशाचंच उदाहरण घेतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतात. आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या, त्यांच्या परवानगीने त्यांचा हिशोब मांडतोय. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, बाकी गोष्ट तीच.

ताईंचे वडील गेले. बँकेत वडिलांच्या नावावर १६ लाखांची एफडी, त्यावर नॉमिनी ताई. शिवाय ४ लाखांची विमा पॉलिसी, त्यावर नॉमिनी आई. ताईंच्या डोक्यात आकडा बसला: वीस लाख. कुर्ती आणि ड्रेस मटेरियलचं दुकान काढायचं स्वप्न आधीपासूनचंच. गाळा बघून झाला होता, फर्निचरवाल्याचं कोटेशन आलं होतं, एकूण बजेट १२ लाख. गाळामालकाला दोन लाख टोकन द्यायचं होतं आणि तो म्हणत होता, "सोमवारपर्यंत सांगा, दुसरी पार्टी तयार आहे." (ही दुसरी पार्टी प्रत्येक गाळामालकाकडे कायम तयार असते, हे दुकानदार म्हणून मी तुम्हाला खात्रीने सांगतो.)

मी त्यांना एकच प्रश्न विचारला: ताई, यातले तुमचे किती?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी असलेल्या माणसाला बँक पैसे देते, कारण बँकेला कुणातरी एकाला पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. पण ते पैसे त्याचे होत नाहीत. ते वारसांचे असतात आणि नॉमिनी त्यांचा विश्वस्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत २०१० मध्ये हे स्पष्ट केलंय. विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला. तेव्हापासून नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्याच हक्काची, असं कलम आलंय. त्यावरही कोर्टात वाद होतात, त्यामुळे घरात मतभेद असतील तर वकिलाला विचाराच.

मग १६ लाखांचे वारस कोण? ताईंच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि पैसे त्यांच्या स्वतःच्या कमाईचे होते. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे अशा वेळी पहिल्या वर्गातले वारस समान वाटा घेतात: पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई. मुलीचं लग्न झालं असेल तरीही वाटा असतोच. ताई म्हणाल्या, "म्हणजे आई, भाऊ आणि मी." मी विचारलं, आजी आहेत का? वडिलांची आई? होत्या. गावाला, काकांकडे. म्हणजे वाटे तीन नाहीत, चार. ही आजी नव्वद टक्के लोकांच्या हिशोबात नसते, असं म्हटलं तरी चालेल. (हा टक्का मोजलेला नाही हां, बोलण्यातला आहे.) पुढे दोन-चार वर्षांनी काका विचारतात, "आमच्या आईच्या वाट्याचं काय झालं?" आणि तोवर पैसे गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये आणि रॅकवरच्या कुर्त्यांमध्ये अडकलेले असतात. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांत वाटणीचे नियम वेगळे आहेत, तिथे त्या कायद्याप्रमाणे विचारून घ्या.

वाटणीच्या आधी अजून एक गोष्ट येते, मृताचं देणं. वडिलांच्या आजारपणात मावसभावाकडून ८० हजार घेतले होते आणि दवाखान्याचं ४० हजारांचं बिल बाकी होतं. आधी ते फिटणार. मग हिशोब असा झाला:

१६,००,००० वजा १,२०,००० = १४,८०,०००
भागिले ४ = ३,७०,०००

डोक्यात वीस लाख, हक्काचे तीन लाख सत्तर हजार. आणि दुकानाचं बजेट १२ लाख. सोमवारी टोकन दिलं असतं तर स्वतःच्या वाट्यातले निम्म्याहून जास्त पैसे एका सहीत गेले असते आणि उरलेल्या दहा लाखांसाठी इतरांच्या वाट्याला हात लावावा लागला असता.

तुम्ही म्हणाल, घरचेच आहेत, देतील की. देतीलही. ताईंच्या आईने तिथल्या तिथे सांगितलं, माझा वाटा तू वापर. चांगलंच आहे, पण ते बोलण्यावर ठेवू नका. दिलेले पैसे कायमचे आहेत की परत करायचे आहेत, एवढं तरी साध्या कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवा. कायमचे दिले असतील तर आई, भाऊ, आजी यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर तुम्हाला आयकर लागत नाही. वारशाने आलेल्या मूळ रकमेवरही आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली. पण त्या पैशावर पुढे जे व्याज मिळेल ते तुमचं उत्पन्न, त्यावर कर आहे. वडिलांचं उत्पन्न करपात्र असेल तर त्या वर्षाचं, मृत्यूच्या तारखेपर्यंतचं रिटर्न वारसाने भरायचं असतं. हे बऱ्याच जणांचं राहून जातं. सीएला पहिल्या भेटीतच विचारा.

बोनसवाल्यांना वाटणीची भानगड नाही, पण आकड्याचा प्रश्न तिथेही आहेच. बोनस म्हणजे पगारच, टीडीएस कापून हातात येतो. लेटरवर लिहिलेला आकडा नाही, खात्यात पडलेला आकडा धरा.

थांबायचं म्हणजे पैसे कुठे ठेवायचे?

सहा महिने थांबा म्हटलं की लोक दोनपैकी एक करतात. एक तर सगळे पैसे सेव्हिंग खात्यात पडून ठेवतात, आणि कार्ड स्वाइप होत होत ते कुठे जातात कळत नाही. नाहीतर "नुसते पडून कशाला" म्हणून जास्त व्याजाच्या मागे जातात. आपल्याकडे जास्त व्याज म्हटलं की पहिली आठवते ती गावातली पतसंस्था. चेअरमन ओळखीचे, व्याज बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त.

इथे एक फरक समजून घ्या. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा विमा असतो. एका बँकेत एका माणसाला, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. आधी ही मर्यादा १ लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. हा विमा सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर "सहकारी" दोन्हीकडे लिहिलेलं असतं, म्हणून लोकांची गल्लत होते. पतसंस्था वाईट असते असं मी म्हणत नाही, चांगल्या चालणाऱ्या कितीतरी आहेत. पण वडिलांच्या आयुष्यभराच्या कमाईला विम्याशिवाय ठेवण्यासाठी टक्काभर व्याज हे कारण पुरेसं नाही.

बँकेच्या बाबतीतही सगळे पैसे एकाच ठिकाणी नकोत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला काढता येणारी रक्कम होती फक्त १,००० रुपये. मुंबईतल्या कितीतरी छोट्या दुकानदारांचं खेळतं भांडवल त्या बँकेत होतं. मर्यादा नंतर वाढत गेली, पण माल भरायला पैसे आज लागतात, नंतर नाही. त्यामुळे रक्कम पाच लाखांच्या वर असेल तर दोन-तीन बँकांत विभागा, आणि व्याजाला जागा म्हणून प्रत्येक ठिकाणी पाचाच्या थोडं खालीच थांबा.

ताईंचे पैसे ३ लाख ७० हजार, एकाच बँकेत चालण्यासारखे. पण आम्ही एक मोठी एफडी केली नाही. एक-एक लाखाच्या तीन, पन्नास हजारांची एक, आणि वीस हजार खात्यात. कारण साधं आहे. एफडी मुदतीआधी मोडली की बँक व्याज थोडं कमी देते, साधारण अर्धा ते एक टक्का. मधेच तीस हजार लागले तर पन्नासवाली मोडायची, बाकीच्यांना धक्का नाही. फक्त फॉर्म भरताना "टॅक्स सेव्हर एफडी"वर टिक होत नाहीये ना ते बघा. ती पाच वर्षं मोडता येत नाही. काउंटरवर घाईत ही चूक होते आणि मग दुकानाची वेळ आली की पैसे आहेत पण हातात नाहीत.

थांबण्याची किंमत काय? एफडीला साडेसहा टक्के धरले तर सहा महिन्यांचं व्याज साधारण १२ हजार. म्हणजे सहा महिने काहीच न करता वडिलांच्या पैशाने १२ हजार कमावले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थांबायचं नाही असं एकच काम: क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा खासगी सावकारीचं कर्ज. कार्डवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात. एफडी वर्षाला देईल त्याच्या निम्मं कार्ड महिन्यात खातं. ते पहिल्या आठवड्यात फेडा.

बँकेतल्या केबिनमध्ये काय होतं

खात्यात मोठी रक्कम पडली की दोन दिवसांत बँकेतून फोन येतो. "मॅडम, एकदा भेटायला या ना." चहा येतो. ताईंनाही आला. त्यांना सांगितलं गेलं, "एफडीपेक्षा चांगला प्लॅन आहे, दरवर्षी फक्त एक लाख, दहा वर्षं, शिवाय विमा."

इथे नीट बघा काय झालं. ताईंकडे एकदाच आलेले पैसे आहेत आणि त्यांच्यासमोर ठेवलेली वस्तू दरवर्षी पैसे मागणारी आहे. पहिले तीन हप्ते वारशातून जातील. चौथा कुठून? तेव्हा दुकान नवीन, उत्पन्न अजून स्थिर नाही, आणि हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला हजर. मग पॉलिसी बंद पडते किंवा सरेंडर करावी लागते, आणि सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केली की भरलेले सगळे पैसे सहसा परत मिळत नाहीत. अशा पॉलिसीवर विकणाऱ्याचं कमिशन पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे त्याला तुमच्या चौथ्या हप्त्याची काळजी असण्याचं कारण नाही. माणूस वाईट नसतो, त्याला टार्गेट असतं.

म्हणून केबिनमध्ये एवढंच विचारा: हे एकदाच भरायचं की दरवर्षी? दोन वर्षांनी पूर्ण पैसे हवे असतील तर हातात किती येतील, आकडा लिहून द्याल का? ही बँकेची ठेव आहे की विमा कंपनीची पॉलिसी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. सही करून बसला असाल तर पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री लूक म्हणतात. थोडी कपात होते, पण बहुतेक पैसे येतात. तारीख बघा आणि आजच अर्ज द्या.

नातेवाइकांच्या मागण्यांचं काय, हाही प्रश्न आला होता. खोटं बोलायची गरज नाही. "कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत सहा महिने पैसे एफडीत ठेवलेत," हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

सहा महिन्यांत व्यवसायाचं काय करायचं

आता तुमचा आवडता भाग. थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. मोठे पैसे थांबवायचे, छोट्या पैशाने बाजार बघायचा. ताईंनी पन्नास हजारांची एफडी मोडली, त्यातले ३० हजार मालाला ठेवले आणि घाऊक बाजारातून कुर्ती आणि ड्रेस मटेरियल आणलं. गाळा नाही, फर्निचर नाही, पाटी नाही. दोन सोसायट्यांमधले स्टॉल, महिला बचत गटाचं एक प्रदर्शन आणि घरातून विक्री. आठ आठवडे. अट एकच होती, प्रत्येक नग वहीत.

आठ आठवड्यांनी वही अशी होती. ३० हजारांपैकी १९ हजारांचा (खरेदी किमतीने) माल विकला गेला. खरेदीवर ४० टक्के लावून विकला, म्हणजे विक्री २६,६००. ढोबळ नफा ७,६००. स्टॉलचं भाडं ३,५०० आणि येण्या-जाण्याचे १,८०० वजा केले की उरले २,३००. उधारी २,९०० अडकलेली. आणि ११ हजारांचा माल घरात, त्यातले बरेचसे गडद रंगाचे एक्सएल, जे ताईंना स्वतःला फार आवडले होते.

ताई खूश होत्या, फायदा झाला म्हणून. मी म्हटलं, आता रोख मोजा. बाहेर गेले ३०,००० अधिक ५,३००, म्हणजे ३५,३००. आत आले २६,६०० वजा उधारी २,९००, म्हणजे २३,७००. नफा २,३०० आणि रोख मात्र ११,६०० ने कमी! फरक कुठे गेला? शिल्लक मालात आणि उधारीत. नवीन दुकानं तोट्यात जाण्याआधी बऱ्याचदा याच जागी अडकतात. कागदावर नफा असतो, पण पुढचा माल भरायला गल्ल्यात पैसे नसतात. तीस हजारांवर ११ हजार अडकले, तर दहा लाखांच्या मालावर किती अडकतील याचा अंदाज तुम्हीच करा.

मग गाळ्याचा हिशोब केला. भाडं १२ हजार, लाइट आणि किरकोळ २ हजार, एका मुलीचा पगार ८ हजार. महिन्याला २२ हजार, दुकानाचं शटर उघडलं तरी आणि नाही उघडलं तरी. खरेदीवर ४० टक्के म्हणजे विक्रीच्या दर शंभर रुपयांत नफा साडेअठ्ठावीसच्या आसपास. २२ हजार भागवायलाच महिन्याला ७७ हजारांची विक्री हवी. त्यात ताईंचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही. आणि आठ आठवड्यांची सरासरी होती महिन्याला १३,३००.

दुकानात गिऱ्हाईक स्टॉलपेक्षा जास्त येतं हे मान्य. दुप्पट येईल, तिप्पट येईल. इथे जवळजवळ सहापट हवं होतं. हा आकडा सोमवारी टोकन देताना कुणालाच माहीत नव्हता, ताईंना नाही आणि गाळामालकाला तर नाहीच.

वहीतून अजून एक गोष्ट दिसली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. विकलेल्या १९ हजारांतला मोठा भाग ४०० ते ६०० रुपयांच्या रोजच्या कॉटन कुर्त्यांचा होता. ड्रेस मटेरियल लोक हातात घेऊन बघत होते आणि ठेवत होते, "शिलाई कुठून करून घ्यायची" असं म्हणत. म्हणजे १२ लाखांच्या दुकानात ज्या मालासाठी अर्ध्या भिंतीचे रॅक केले असते, त्याला त्या भागात मागणीच नव्हती.

दुसऱ्या फेरीत ताईंनी फक्त कॉटन कुर्ती आणली, एल आणि एक्सएलचं प्रमाण बदललं, उधारी बंद केली. घाऊक व्यापाऱ्याशी बोलून न खपलेले नग एका महिन्यात बदलून घ्यायची सोय केली. ही सोय लहान ऑर्डरलाही मागा, रोख देणाऱ्याला मिळते. शिवाय एका ओळखीच्या टेलरिंगवाल्या बाईंच्या दुकानात अर्धं काउंटर महिना अडीच हजारांनी घेतलं. खर्च २,५०० म्हटल्यावर भाडं सुटायला ८,७५० ची विक्री पुरते. दुसऱ्या महिन्यात तिथून २१ हजारांची झाली.

सहा महिने संपले तेव्हा एक-एक लाखाच्या तिन्ही एफडी तशाच होत्या. अडकलेल्या ११ हजारांच्या मालातला निम्मा ताईंनी खरेदी किमतीला काढून टाकला. एफडीचं व्याज आणि स्टॉल-काउंटरचा नफा धरला तर त्या मुद्दलाच्या खाली गेल्या नव्हत्या. आजींचा वाटा काकांच्या समोर आजींच्या खात्यात जमा झाला, पावती फाइलला लावली.

तो गाळा? सोमवारच्या "दुसऱ्या पार्टी"नंतर साडेचार महिने रिकामाच होता. आता मालकाने भाडं दीड हजाराने कमी सांगितलंय. ताईंनी अजून होकार दिलेला नाही, काउंटरची विक्री महिन्याला ४० हजारांवर सलग तीन महिने गेली तर बघू म्हणाल्यात. तुमचा गाळा, तुमचं भाडं, तुमचा माल वेगळा असेल, तेव्हा तुमची आठ आठवड्यांची वही खाली कॉमेंटमध्ये टाका: किती माल आणला, किती विकला, किती शिल्लक, किती उधारी आणि दुकान काढलं तर महिन्याचा खर्च किती. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या दोन-तीन वह्यांचा हिशोब करू.